आजोबांचं वेस्ट एंड: पोलीस ॲक्शनच्या आधीचं की नंतरचं?

पूर्णाकाठ (परभणी)

मंडळी, जुन्या घड्याळांचं कळणारं कुणी असेल तर मदत हवी आहे.

आजोबा निजाम स्टेट रेल्वेत पूर्णा जंक्शनला होते. त्यांचं मनगटी घड्याळ आता माझ्याकडे आलंय. आत्या म्हणते, हे पोलीस ॲक्शनच्या आधीचं, आजोबांनी निजामाचे हाली रुपये मोजून हैदराबादहून आणलं. वडील म्हणतात, छे, ते माझ्या जन्मानंतर घरात आलं. वडिलांचा जन्म १९५१ चा. बिल, पावती काही नाही. घड्याळ काय सांगतं तेवढंच हाताशी आहे.

डायल पांढरं, एकदम स्वच्छ. वर 'वेस्ट एंड वॉच कं.', त्याखाली तिरक्या अक्षरात 'सोवार प्रिमा', खालच्या अर्ध्यात '१७ ज्वेल्स' आणि 'इन्काब्लॉक'. १२, ३, ६, ९ हे आकडे काळ्या शाईत छापलेले, बाकी ठिकाणी रेघा. तिन्ही काटे मधोमध. तास-मिनिटाचे काटे आतून पोकळ आहेत आणि त्या पोकळीत तपकिरी, चुरचुरीत काहीतरी भरलंय. केस स्टीलसारखी, चावी सोडून पट्टीनं मोजली तर ३३ मिलिमीटर. चावी जाडजूड आणि जरा पिवळसर. मागच्या झाकणाला कडेनं खाचा आहेत. फोटो जोडलेत.

दोन प्रश्न. डायलवर नाव आहे म्हणजे घड्याळ त्याच कंपनीचं धरायचं का? आणि नुसत्या बाहेरच्या रूपावरून काळ किती जवळ सांगता येतो?

बीडकर_७२

सोपं आहे. सेकंदाचा काटा मधे आहे म्हणजे साठच्या पुढचं. खरं जुनं घड्याळ असतं तर सहाच्या जागी छोटं वर्तुळ आणि त्यात छोटा सेकंदकाटा असता. आमच्या थोरल्या चुलत्याचं तसंच होतं. वडिलांचं बरोबर आहे, आत्याबाईंना सांगून टाका.

औंढ्याचा_अण्णा

आत्याबाईंना सांगायचं काम बीडकरांनीच करावं, आम्ही लांबून बघतो :)

घड्याळजी_जालना

आमचं दुकान वडिलांपासूनचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीडकर, सहावरचा छोटा सेकंद ही जुनी पद्धत हे खरं. पण तो गेला आणि मधला आला असा एक दिवस नाही. मधला सेकंदकाटा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकी घड्याळांतही होता, आणि छोटा सेकंद पन्नाशीत, अगदी साठीतही चालू होता. त्यामुळे मधल्या काट्यावरून 'हे १९२० चं नसावं' एवढं म्हणता येतं. साठच्या पुढचं म्हणता येत नाही.

आता केस बघा. अगदी सुरुवातीच्या मनगटी घड्याळांना खिशातल्या घड्याळासारखी गोल केस आणि वरखाली तारेच्या कड्या डकवलेल्या असायच्या. पट्टा त्यातून ओवायचा. तुमच्या फोटोत केसमधूनच निघालेले, खाली वळलेले कान आहेत आणि पट्ट्याची पिन स्प्रिंगची, काढता येणारी दिसते. स्क्रूचं झाकण, ३३ मिलिमीटर, असे कान: हे रूप चाळीस ते साठ या वीस वर्षांत बसतं. त्यापेक्षा बारीक माप नुसत्या केसवरून निघणार नाही. एक तपासा, कानांच्या टोकांना झिजून पितळ दिसतंय का? खालून पिवळं दिसलं तर ती निकेल-क्रोमचा मुलामा दिलेली पितळी केस, स्टील नव्हे.

चावीवर मात्र फार विसंबू नका. चावी हा घड्याळातला सगळ्यात जास्त बदलला जाणारा भाग. रोज चावी द्यायची, दाते झिजतात, घाम जातो, आतला रॉड तुटतो, मग दुकानदार हाताशी असेल ती लावतो. तुमची चावी केसपेक्षा पिवळी आहे आणि फोटोत केस आणि चावीमध्ये फट दिसते. मूळ चावी केसला टेकून बसते. ही नंतरची. ती घड्याळाचा नाही, एखाद्या दुरुस्तीचा काळ सांगते.

खरा प्रश्न डायलचा आहे. मला ते मूळ वाटत नाही. कारण काट्यांत आहे, पण आधी तुम्ही भिंग घेऊन दोन गोष्टी बघा. सहाच्या खाली अगदी कडेला 'स्विस मेड' आहे का? आणि मिनिटांच्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत का?

मांजराकाठ

आमच्याकडे पण वेस्ट एंड आहे, चालू स्थितीत. किती येतील?

घड्याळजी_जालना

मांजराकाठ, किमतीचा धागा वेगळा काढा, इथे विषय भरकटेल.

नांदेडकर

थोडी भर. वेस्ट एंड म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये बनवून घेतलेली आणि मुंबई, कलकत्ता इथून विकलेली घड्याळं. मागच्या झाकणावर पुष्कळदा ही दोन शहरं कोरलेली दिसतात. त्यामुळे ते हैदराबादेत मिळणं काही अवघड नव्हतं. पण पूर्णाकाठ, एक विचारतो. घड्याळ रेल्वेनं दिलं असं घरात कुणी म्हणतं का? तसं असेल तर मागे खात्याची अक्षरं किंवा नंबर कोरलेला असायला हवा.

पूर्णाकाठ

नाही, स्वतःच्या पैशानं घेतलं यावर दोघांचंही एकमत आहे. मागे फक्त कंपनीचं नाव आणि दोन शहरं आहेत, मुंबई आणि कलकत्ता. रेल्वेचं काही नाही.

कानांना पितळ दिसत नाही, रंग सगळीकडे एकच.

भिंगातून बघायलोय आत्ता. 'स्विस मेड' कुठंच नाही. मिनिटांच्या रेघा ४ आणि ५ च्या मधे दाटीनं आल्यात, ७ नंतर जरा मोकळ्या. डोळ्यांना आधी जाणवलं नव्हतं. आणि सेकंदाचा काटा त्या रेघांच्या वर्तुळापर्यंत पोचतच नाही, अलीकडेच संपतो.

घड्याळजी_जालना

मग डायल रंगवलेलं आहे, याबद्दल मला शंका राहिली नाही. मागे काट्यांचं म्हणालो ते असं. तुमच्या काट्यांत जे तपकिरी भरलंय तो अंधारात चमकणारा मसाला आहे. ज्या घड्याळाच्या काट्यांत मसाला असतो त्याच्या डायलवरही तो असतो, आकड्यांत किंवा तासांच्या ठिपक्यांवर. नाहीतर अंधारात काटे दिसतील पण ते कशावर आहेत ते कळणार नाही. तुमच्या डायलवर नुसती शाई. म्हणजे काटे जुने, वरची छपाई नवी. कुणीतरी जुना रंग आणि मसाला खरवडून डायल पुन्हा रंगवलं आणि काटे तेच परत लावले.

अंधारात टॉर्च मारून बघा, काटे चमकतात का?

पूर्णाकाठ

अजिबात नाही.

घड्याळजी_जालना

तो रेडियमचा मसाला असावा. साठच्या दशकापासून स्विस घड्याळांत रेडियम मागं पडलं आणि ट्रिटियम आलं. ट्रिटियमवाल्या डायलवर 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' छापलेला असतो. तुमच्या डायलवर ही खूण शोधून उपयोग नाही, मूळ छपाईच गेलीय.

एक कळकळीची गोष्ट. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. त्याचं अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. थकतो तो सोबतचा चमकणारा पदार्थ. काच बंद असेल तोवर घड्याळ राहू द्या, पण काट्यातला तो चुरा सुईनं टोकरू नका, फुंकर मारू नका. ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये. दुरुस्तीला द्याल तिथेही आधी सांगा.

रेणुका_धाराशिव

मला एक कळत नाही. डायल रंगवलं तर बिघडलं काय? वडिलांचं घड्याळ मी मागच्या वर्षी रंगवून घेतलं. आधी डागांनी नावही वाचता येत नव्हतं. आता वडील रोज घालतात. जुनाट डाग जपून कुणाचं भलं होणार?

घड्याळजी_जालना

रेणुकाताई, घालायचं असेल तर रंगवून घेण्यात काही वाईट नाही, आमच्याकडेही लोक मागतात. पण इथे प्रश्न काळ ओळखायचा आहे आणि रंगवणारा त्यातला मोठा पुरावा पुसून टाकतो. शिवाय तो डायलवर काय छापेल याचा भरवसा नसतो. त्याच्याकडे ठरलेले छाप असतात. त्या कंपनीचा जो छाप हाताशी असेल तो मारतो. त्यामुळे 'इन्काब्लॉक', 'ऑटोमॅटिक', '२१ ज्वेल्स' असलं काहीही आतल्या मशीनशी न जुळता येऊ शकतं.

लातूरची_माधवी

हे वाचून धसकाच घेतला. सासऱ्यांचं सीको ५ आहे आमच्याकडे. भडक निळं डायल, नारिंगी सेकंदकाटा. चावी तीनवर नाही, चारच्या जागी आहे आणि केसमध्ये अर्धी बुडालेली. यांना वाटतं चावी दबून आत गेलीय. मागे ६११९ पासून सुरू होणारा नंबर आहे आणि वेगळा सहा आकडी नंबर २८ नं सुरू होतो.

घड्याळजी_जालना

माधवीताई, चावी दबलेली नाही, ती तशीच असते. सीको ५ मनगटाच्या हालचालीवर भरतं. तुमच्या मशीनला हातानं चावी देता येत नाही, चावी फक्त वेळ आणि वार-तारीख लावायला. रोज धरायची नाही म्हणून छोटी, बाजूला, केसमध्ये लपवलेली. याउलट एचएमटीच्या जनताला रोज चावी द्यावी लागते, म्हणून तिथे ती तीनवर आणि बोटाला नीट सापडेल अशी. चावी बदललेली असली तरी तिची जागा बदलत नाही, म्हणून जागेवर विश्वास ठेवता येतो.

सहा आकडी नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिना. २८ म्हणजे कुठल्यातरी दशकातल्या दुसऱ्या वर्षाचा ऑगस्ट. दशक मशीनवरून ठरवायचं. ६११९ हे साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या मध्यापर्यंतचं, म्हणून १९७२. निळ्या डायलचं मात्र तपासा. सहाच्या खाली कडेला अगदी बारीक अक्षरांत नंबर असतो आणि तोही ६११९ नंच सुरू व्हायला हवा.

लातूरची_माधवी

सहाच्या खाली काहीच नाही, कोरं आहे :( पण १९७२ जुळतं. सासरे त्याच्या पुढच्या वर्षी नोकरीला लागले.

बीडकर_७२

जालनेकर, तुमचं सगळं मान्य. पण इन्काब्लॉक तर पन्नाशीतलं ना? मग डायल रंगवलेलं असलं तरी मुळात तेच लिहिलेलं असेल. रंगवणारा मनानं कशाला घालेल?

घड्याळजी_जालना

इन्काब्लॉक म्हणजे बॅलन्सला धक्क्यापासून वाचवायची सोय, ती निघाली तिशीच्या दशकात. डायलवर ते दिमाखानं छापायची रीत जास्त करून युद्धानंतरची. रंगवणारा ते मनानं घालू शकतो, वर सांगितलंच. पण भांडायची गरज नाही, झाकण उघडलं की दिसेल. हलत्या बॅलन्सच्या मधोमध खडा असतो, त्यावर इन्काब्लॉकची चिमुकली स्प्रिंग वीणेच्या आकाराची असते, एकदा पाहिली की विसरत नाही. पूर्णाकाठ, परभणीत जुना कारागीर असेल तर त्याच्यासमोर उघडा. घरी चाकूनं प्रयत्न करू नका, त्या खाचांना बसणारी वेगळी किल्ली लागते.

पूर्णाकाठ

चार दिवसांनी लिहितोय. स्टेशनकडच्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. काट्यांचं आधीच सांगितलं, त्यांनी काटे काढून लगेच पुडीत बंद केले.

आत मशीनवर वेस्ट एंडचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: झाकण, मशीन आणि डायल तिन्ही एकच नाव सांगतात.

पण बॅलन्सवर वीणेसारखी स्प्रिंग नाही! नुसता खडा आणि त्यावर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली टिकली. कारागीर म्हणाले, धक्क्यापासून वाचवायची काही सोयच नाही यात. आणि सेकंदकाट्यासाठी मागच्या बाजूला, पुलाच्या वर एक जास्तीचं चाक आहे. त्याचा फोटो टाकलाय.

डायल काढल्यावर तीनच्या जवळ कडेला कानशीनं घासलेली एक छोटी खाच दिसली.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडून लिहिलंय: ५-५३, खाली ९-५८, मग २-६४. पुढे एक सही असावी, लागत नाही.

घड्याळजी_जालना

वा, हे फार कामाचं आहे.

कडेची खाच रंगवणाऱ्याची. छापताना डायल एकाच जागी बसावं म्हणून अशी खाच पाडतात. आणि 'इन्काब्लॉक' हे दुसऱ्या कुठल्या तरी छापातून आलं, हे आता उघड आहे. म्हणजे डायल घड्याळाला आहे त्यापेक्षा नवं दाखवत होतं.

जास्तीच्या चाकाचं महत्त्व असं. ज्या मशीनची मूळ रचना सहावरच्या छोट्या सेकंदाची होती, त्यातच वर चाक चढवून सेकंद मधे आणायची ही रीत. पुढे मधल्या सेकंदासाठीच वेगळी मशीन निघाली आणि हे चाक हळूहळू गेलं. धक्क्याची सोय नाही आणि सेकंद असा चढवलेला, हे दोन्ही एकत्र बघून मी १९४० ते १९५० च्या आसपास म्हणेन.

नांदेडकर

आणि ते ओरखडे? ५-५३ म्हणजे मे १९५३? की दुकानदाराचा नुसता नोंद क्रमांक?

घड्याळजी_जालना

रास्त शंका. कारागीर दुरुस्तीच्या वेळी झाकणात आत खूण करून ठेवतात. कुणी तारीख लिहितो, कुणी वहीतला क्रमांक. पण इथे तिन्ही जोड्या बघा. पहिला आकडा एकदाही १२ च्या वर जात नाही आणि दुसरा ५३, ५८, ६४ असा चढत जातो. तिन्ही महिना-वर्ष असण्याची शक्यता खूप जास्त. तसं असेल तर मे १९५३ मध्ये हे घड्याळ कुणाच्या तरी टेबलावर उघडं पडलं होतं. त्याच्या नंतरचं ते असूच शकत नाही.

बीडकर_७२

म्हणजे १९५१-५२ ला घेतलं आणि ५३ ला पहिली दुरुस्ती. वडिलांचंच खरं.

घड्याळजी_जालना

तसंही असू शकतं. पण नव्या घड्याळाला तेलपाणी तीन-चार वर्षांनी लागतं, त्या हिशेबानं १९४९-५० किंवा त्याआधी. आता ५३ मध्ये तेलपाणी केलं की पडून काही तुटलं म्हणून उघडलं, ते ओरखड्यावरून कळत नाही. शिवाय घड्याळ बनलं कधी आणि आजोबांनी घेतलं कधी या दोन वेगळ्या गोष्टी. दुकानात ते पडून असेल, किंवा जुनं घेतलं असेल.

नांदेडकर

आत्याबाईंच्या बोलण्यातही एक जागा आहे. हाली रुपये मोजले म्हणजे पोलीस ॲक्शनच्या आधी, असं घरात धरलं गेलं असणार. पण सप्टेंबर १९४८ नंतर हाली एका रात्रीत बंद झाला नाही. भारतीय रुपयाच्या जोडीनं तो पुढेही काही वर्षं चालला. तेव्हा हालीत घेतलं हेही खरं आणि १९४८ नंतर घेतलं हेही खरं असू शकतं.

पूर्णाकाठ

हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आत्याला आज फोन केला. ती म्हणते, घड्याळ आलं तेव्हा आम्ही पूर्ण्याच्या पहिल्या क्वार्टरमध्ये होतो, दुसऱ्या नाही. क्वार्टर कधी बदललं ते वडिलांना माहीत नाही. आजोबांच्या नोकरीचे कागद काकांकडे हिंगोलीला आहेत, ते बघावे लागतील.

रेणुका_धाराशिव

आता पुन्हा रंगवणार का मूळ रूपात?

पूर्णाकाठ

मूळ रूप कसं होतं हेच माहीत नाही ताई, मग कशावरून रंगवणार? आहे तसं ठेवतोय. फक्त चावी बदलावी असं वाटतं, ती फट बघवत नाही. जुनी वेस्ट एंडची चावी शोधू का?

घड्याळजी_जालना

शोधा, पण नावावर जाऊ नका, मापावर जा. आधी कारागिराकडून तुमच्या रॉडच्या आट्यांचं माप आणि केसमधून बाहेर आलेल्या नळीची जाडी मोजून घ्या. चावीच्या आतलं भोक त्या नळीवर बसलं पाहिजे. फट उरण्याचं एक कारण बहुधा तेच आहे, लावलेल्या चावीचं भोक अरुंद असणार. दुसरं कारण रॉड लांब राहिलेला असणं. तसं असेल तर नवी चावी आणायचीही गरज नाही, रॉड थोडा कापला की हीच चावी केसला टेकेल. पिवळी दिसेल, पण धूळ आत जायची थांबेल. नवी लावलीत तरी ही जुनी पुडीत घालून घड्याळासोबतच ठेवा.